मोज्याची शेळी आणि डबल बेल

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय.)

कुणी बसमध्ये असेल, कुणी भांडी घासत असेल, कुणी नुसतंच छताकडे बघत पडलं असेल. जिथं असाल तिथं असा. आज मी मोज्यांबद्दल बोलणार आहे. हो, पायातले मोजे.

मे महिन्यात मी दहा दिवस साताऱ्याला घरी होतो. ताईही आली होती तिच्या मुलीला घेऊन. भाची पाच वर्षांची आहे, घरात सगळे तिला चिऊ म्हणतात. आता चिऊचं आजोळ म्हणजे खरं तर मज्जाच. आंबे, अंगण, शेजारची पोरं. पण या वेळी एक गोष्ट वेगळी होती. माझे वडील, आप्पा, एसटीत कंडक्टर होते, तीसेक वर्षं. गेल्या दिवाळीनंतर त्यांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवा हात आणि बोलणं, दोन्हीवर परिणाम झाला. समजतं त्यांना सगळं. पण शब्द बाहेर येत नाही, आला तर भलताच येतो. ‘नाही’ म्हणायचं असतं आणि ‘हो’ निघतं. मग ते चिडतात आणि आवाज मोठा होतो.

चिऊला त्या आवाजाची भीती बसली. आल्या दिवशी आप्पांनी तिला हाक मारली. म्हणजे मारायचा प्रयत्न केला. तिचं नाव येईना, नुसता एक मोठा ‘आऽऽ’ आला. पोरगी जी पळाली ती थेट परसात. त्यानंतर ती आबांच्या खोलीसमोरून जायची सुद्धा नाही. पाणी प्यायला जायचं तर अंगणातून वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात. आप्पांना हे दिसत होतं. ते काही बोलत नव्हते, म्हणजे बोलू शकत नव्हते, पण दिसत होतं.

मी काही ठरवून ‘आता यावर उपाय करू’ वगैरे म्हणालो नाही हां. दुपारी ऊन मरणाचं होतं, चिऊ मोबाईल मागत होती, आणि आईने कपाट आवरायला काढलं होतं. त्यात मोज्यांचं एक गाठोडं निघालं. त्यात आप्पांचे ड्युटीवरचे काळे मोजे होते, तीन जोड तर न वापरलेले. मी एक हातात घातला, अंगठा आणि बोटं मिटून उघडून म्हणालो, “काय गं, मोबाईल कशाला पायजे?” चिऊ मोज्याकडे बघून म्हणाली, “माझा मोबाईल नाहीये, आईचा आहे.” मोज्याला उत्तर दिलं तिने, मला नाही. तिथून सुरू झालं.

आता तुमच्यापैकी कुणाला भाचा, भाची, पुतणी, शेजारचं पोर असेल आणि हे करायचं असेल, तर मी काय काय चुकलो ते सांगतो. कारण इंटरनेटवर बघितलं तर दहा मिनिटांचं काम वाटतं. आम्हाला तीन दिवस लागले.

पहिली चूक, मोजा. मला वाटलं लहान मुलीची बाहुली, म्हणून तिचाच छोटा मोजा घ्यावा. गोंडस दिसला. पण तिचा हात आत गेल्यावर मोजा इतका ताणला गेला की तोंड उघडेचना. हाताला पट्टी बांधल्यासारखं दिसत होतं. लहान हातालाही मोठ्या माणसाचा मोजा लागतो, आणि तोही पोटरीपर्यंत येणारा. घोट्यापर्यंतचा घेतला तर खाली हात उघडा दिसतो. ताईचा एक करडा, जाडसर सुती मोजा मिळाला. तो चिऊच्या कोपराच्या वरपर्यंत गेला. घालताना टाच वरच्या बाजूला ठेवायची. खाली आली तर बाहुलीच्या गळ्याला गाठ आल्यासारखी दिसते.

दुसरी चूक, तोंड. आपण मोठी माणसं काय करतो? मोज्याचं टोक अंगठा आणि बोटांच्या मध्ये खोचतो, झालं तोंड. आपल्याला जमतं. पाच वर्षांच्या मुलाच्या अंगठ्यात तेवढी ताकद नसते, दर मिनिटाला ती घडी सुटते. चिऊ बोलायचं सोडून मोजा खोचत बसली आणि वैतागली. म्हणून आत पुठ्ठ्याचं तोंड बसवावं लागतं.

पुठ्ठा कुठला, यावरही माझा एक तास गेला. आधी कुरियरच्या खोक्याचा घेतला. तो मध्ये नळ्या असलेला जाड पुठ्ठा. तो नीट दुमडतच नाही, आणि दुमडला तरी तिच्या बोटांना उघडबंद करायला जड. मग मिठाईच्या डब्याचं झाकण कापलं. ते बरोबर. मापाचं म्हणाल तर चिऊचा पंजा कागदावर ठेवून, बोटं जुळवून, भोवती रेघ मारली. चार बोटांची रुंदी ५ सेंटीमीटर भरली. त्यावर थोडी जागा सोडून ६ सेंटीमीटर रुंद आणि १३ लांब असा लंबगोल कापला. मधोमध दुमडला, आणि वीस-पंचवीस वेळा उघडमीट करून सांधा मऊ केला. हे काम चिऊचं. ती त्याला “तोंडाचा व्यायाम” म्हणत होती.

आता एक गोष्ट जी मी आधी केली नाही आणि मग सगळं उचकटून करावी लागली. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे जिथं बोटं टेकतात तिथं, इलॅस्टिकचे दोन छोटे पट्टे शिवायचे. वर चार बोटांसाठी, खाली अंगठ्यासाठी. परकराच्या नाडीच्या जागी घालतात ना, तेच इलॅस्टिक. त्यामुळे हात उघडला की पुठ्ठा बोटांबरोबर वर जातो. पट्टे नसतील तर मूल तोंड मिटवू शकतं, पण उघडताना पुठ्ठा मागेच राहतो. बाहुली कायम ओठ दाबून बसलेली. मी स्टेपलर मारणार होतो, आईने हात धरला. पोराच्या बोटांना पिना टोचतील म्हणाली. सुईदोऱ्यानेच शिवले.

मग पुठ्ठ्यावर आईच्या जुन्या ब्लाउजचं लाल अस्तर चिकटवलं. मोज्याच्या टोकाची शिवण आडवी कापली, दोन्ही कडांना आणखी तीन-तीन सेंटीमीटर आत कापलं, आणि त्या भोकाच्या कडा लंबगोलाच्या काठाभोवती वळवून फेविकॉलने चिकटवल्या. मोजा कापायचं काम मोठ्यानेच करावं. मुलांची बोथट कात्री कागद कापते, पण ताणणाऱ्या कापडावरून नुसती घसरते, आणि मग ती जोर लावतात.

आणि हो, चिकटवताना मोज्याच्या आत एक प्लॅस्टिकची पिशवी सरकवा. आम्ही नाही सरकवली. फेविकॉल विणीतून झिरपला आणि सकाळी बघतो तर मोजा आतल्या आत स्वतःलाच चिकटलेला. हात जाईना. चिऊने त्याच्याकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाली, “हा मेला.” दुसरा मोजा घेतला. पिशवी आत, वर डाळीचा डबा वजन म्हणून, आणि रात्रभर ठेवून दिला. लहान मुलाला ‘रात्रभर थांब’ सांगणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. म्हणून तोंड संध्याकाळी करा. झोपायची वेळ आपोआप वाळायची वेळ होते.

डोळे दुसऱ्या दिवशी. डोळे लावताना मोजा कुणाच्या तरी हातात घातलेला हवा. सपाट मोज्यावर खुणा केल्या तर हात गेल्यावर त्या फाकतात. आणि डोळे तोंडाच्या काठाजवळ हवेत, मागे डोक्यावर नाही. मागे गेले की बाहुली कायम आकाशात विमान शोधतेय असं दिसतं. मी मोजा घालून बसलो आणि चिऊने शर्टाची दोन बटणं ठेवून बघितली. एक वर, एक खाली. मी सरळ करायला गेलो तर म्हणाली, “राहू दे. ती शेळी आहे. ती विचार करतीये.” आणि खरंच, एक डोळा वर गेल्यामुळे त्या शेळीच्या तोंडावर कायमचा संशय आला. मी असतो तर दोन्ही डोळे एका रेषेत लावून तिचा सगळा स्वभाव घालवला असता.

बटण तिने स्वतः शिवलं. गोधडीची बोथट, मोठ्या नेढ्याची सुई, दोरा दुहेरी, गाठ मी मारून दिलेली. एका बटणाला वीस मिनिटं. दुसरं मी लावलं, कारण तोवर तिला भूक लागली होती. घरात अगदी तान्हं किंवा दोन-अडीच वर्षांचं मूल असेल तर बटणं वापरूच नका, ती तोंडात जातात. कापडाचे गोल शिवा.

इथं एक आठवलं. जिम हेन्सनने १९५५ साली पहिला कर्मिट बनवला तो आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून, आणि डोळे म्हणजे पिंगपाँगच्या चेंडूची दोन अर्धी. म्हणजे तोही आमच्यासारखाच कपाट उचकून बनलेला. आणि आपल्याकडे बोलक्या बाहुल्या म्हटलं की रामदास पाध्ये, अर्धवटराव. ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू पण पाध्यांचाच. लहानपणी तो बघून मी आठवडाभर आईच्या शेजारी झोपलो होतो, हे चिऊला सांगितलं नाही. पण एक गोष्ट आहे. लाकडी बाहुलीचा चेहरा ठरलेला असतो. मोज्यात मात्र चेहरा म्हणजे तुमचा हातच. बोटं जरा आत मुडपली की शेळी रुसते, मूठ आवळली की तोंड वाकडं होतं. पाच वर्षांच्या मुलाला हे शिकवावं लागत नाही, ते हातातून येतं.

तर शेळी झाली. मग चिऊने माझ्यासाठी एक तपकिरी मोजा निवडला आणि म्हशीचा हुकूम दिला. मी म्हैस केली. कान म्हणून जुन्या पर्सच्या रेक्झिनचे तुकडे.

आता खेळ. मी, म्हणजे स्वतःला लेखक समजणारा माणूस, रात्री बसून दोन पानांचे संवाद लिहिले. सकाळी चिऊला पाठ करून घ्यायला लागलो. तिसऱ्या वाक्याला तिचा आवाज बदलला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलं म्हणतात ना, एका सुरात, श्वास न घेता, तसा. शेळी मेली, मोजा उरला. मी पानं बाजूला ठेवली आणि विचारलं, “शेळीला काय पाहिजे?” म्हणाली, “शेळीला मामाच्या गावाला जायचंय.” “मग अडचण काय?” “एसटीत म्हैस बसलीये. जागाच नाही.” झालं की नाटक! एकाला काहीतरी हवंय आणि मध्ये एक म्हैस आहे. पाच वर्षांच्या मुलाला एवढंच लक्षात राहतं, आणि एवढं पुरतं. संवाद नाही लिहिले. क्रम तेवढा तिने चित्रात काढला. शेळी, एसटी, म्हैस, मामाचं घर. चार कागद, आणि ते पडद्याच्या मागच्या बाजूला तिच्या डोळ्यांसमोर चिकटवले.

एसटी म्हटल्यावर चिऊच म्हणाली, “कंडक्टर पण पाहिजे.”

आई स्वयंपाकघरातून बोलली, “घरात एक आहे की.”

चिऊ गप्प. मी पण गप्प. मग ती म्हणाली, “पण कंडक्टर बोलायचा नाही.”

मी म्हटलं ठीक आहे, कंडक्टरने बोलायची गरजच काय, तो बेल मारतो. जुन्या एसटीत छताला दोरी असायची, आठवते? कंडक्टर ओढायचा. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. सिंगल बेल, डबल बेल. चिऊने विचार केला. शेळीसारखाच, एक डोळा वर करून. “चालेल,” म्हणाली.

मी आप्पांकडे गेलो. सांगितलं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि डावा हात पुढे केला.

कंडक्टर आम्ही त्यांच्याच काळ्या मोज्यातून केला. काळ्या मोज्यावर काळी बटणं दिसतच नाहीत, म्हणून मागे पांढऱ्या कापडाचे गोल लावले. डोक्याला खाकी कापडाची पट्टी. तोंड मोठं लागलं, आप्पांचा पंजा मोठा आहे. आणि त्या तोंडाने दोरी पकडायची होती, कारण उजवा हात चालत नाही आणि डाव्या हातात मोजा. अस्तर गुळगुळीत, दोरी निसटायची. मग आत सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे चिकटवले आणि दोरीच्या टोकाला चिंधीची जाड गाठ मारली. आता कंडक्टर कचकन चावायचा.

बेलसाठी मी देवघरातली घंटा मागितली. आईने नुसतं बघितलं, मी परत ठेवली. शेजाऱ्यांकडून गाईच्या गळ्यातली छोटी पितळी घंटा आणली. दाराच्या चौकटीला वर टांगली, लोलकाला सुतळी बांधली. आप्पांनी ओढली. टिंग. सोडली. टिंग.

ते थांबले. परत ओढली. टिंग, टिंग. मान जोरात हलवली. तोंडातून “हो, हो” येत होतं, पण हात सांगत होता नाही. मला कळेना, वाजतेय की छान! त्यांनी मोजा घातलेला हात माझ्यासमोर धरून एकदा तोंड उघडमीट केलं, मग घंटेकडे दाखवलं, मग दोनदा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ओढताना लोलक एका बाजूला आपटतो, सोडताना दुसऱ्या बाजूला. त्यामुळे सिंगल बेल मारताच येत नव्हती. थांब म्हणायला गेलं की आपोआप ‘चल’ व्हायचं. तीस वर्षं ज्याने एका टोल्यावर गाडी थांबवली त्याला हे कसं चालेल? आणि विचार करा, हा माणूस आधीच ‘नाही’ म्हणायला जातो आणि ‘हो’ निघतं. वर मी त्याच्या हातात तशीच घंटा दिली होती.

घंटेच्या आत एका बाजूला स्पंजचा तुकडा चिकटवला. आता ओढली की टिंग, सोडली की मुका. आप्पांनी वाजवून बघितली. एक. थांबले. मग दोन. आणि पहिल्यांदा हसले, अर्ध्या तोंडाने, कारण अर्धंच हसतं.

चिऊ हे सगळं उंबऱ्याबाहेरून बघत होती. आत आली नाही. पण पळालीही नाही.

तालमी. आमचा रंगमंच म्हणजे माजघराचं दार. चौकटीत दोरी बांधून बदामी चादर. काळा कंडक्टर दिसायचा तर मागे-पुढे गडद काही नको. चादरीच्या वरच्या कडेला आईचं लाल लुगडं टाचलं, ती एसटी. कड किती उंच, हे महत्त्वाचं. चिऊ १०८ सेंटीमीटर आहे. आधी मी कड १३० वर बांधली, तर तिचा हात ताणून ताणून दोन मिनिटांत दुखायला लागला आणि शेळी हळूहळू एसटीत बुडाली. मग कड खाली घेतली आणि तिला स्टुलावर बसवलं, डोकं कडेच्या जरा खाली, कोपर चौकटीच्या बाजूच्या टेबलावर. आप्पा शेजारी खुर्चीत. मी खाली जमिनीवर, म्हैस घेऊन.

आणखी एक गोष्ट सगळ्यांचीच होते. मूल आपल्या हाताकडे वर बघतं, हात वर, म्हणून बाहुलीचं तोंडही छताकडे. प्रेक्षकांना फक्त हनुवटी दिसते. ‘खाली बघ, खाली बघ’ सांगून उपयोग नाही, मूल स्वतःच खाली बघतं. मी कपाटाचा आरसा समोर आणून ठेवला. चिऊने शेळी वर केली, आरशात बघितलं, आणि मनगट आपोआप पुढे झुकलं. “आता ती मला बघतीये,” म्हणाली. बोलण्याबरोबर तोंड जुळवणं मात्र मी शिकवलं नाही. आपण नवखे लोक शब्द संपताना तोंड मिटतो, मग बाहुली शब्द चावल्यासारखी दिसते. शब्द सुरू होताना उघडायचं असतं. अंगठा खाली न्यायचा, वरची बोटं शांत ठेवायची. हे मला स्वतःला जमायला दोन दिवस लागले. तिला एकच नियम सांगितला. जी बोलते तीच हलते, बाकीच्या ऐकतात. एवढ्याने पण निम्मा गोंधळ कमी होतो.

पण खरी अडचण दुसरीच होती. दार तीन फुटांचं. स्टूल आणि खुर्ची एकमेकांना लागून. पहिल्या तालमीला चिऊ बसलीच नाही. तिच्या जागी मी बसून शेळी नाचवली. दुसऱ्या तालमीला बसली, पण स्टूल इतकं कडेला सरकवलं की निम्मी शेळी भिंतीमागे. आप्पांनी आपली खुर्ची तिच्यापासून लांब ओढायला सांगितली, हाताने. मी ओढली. काही बोललो नाही. तालमीत त्यांनी एक शब्द काढला नाही. ओठ घट्ट. नियम पाळत होते.

रविवारी संध्याकाळी खेळ. प्रेक्षकांत आई, ताई, शनिवारी पुण्याहून आलेले दाजी, शेजारच्या काकू आणि त्यांची दोन नातवंडं. तिकीट म्हणून चिंचोके. आतले दिवे बंद, बाहेर टेबललॅम्प. मी पडद्याआडून म्हटलं, “सातारा-मामाचं गाव, सातारा-मामाचं गाव!”

कंडक्टर वर आला. डबल बेल. टिंग टिंग. बाहेर दाजींनी शिट्टी मारली.

शेळी आली, एसटीला हात केला. म्हणजे कान केला. सिंगल बेल, गाडी थांबली. इतकी वेळेवर, की काय सांगू. शेळी चढली. “मला मामाच्या गावाला जायचंय, अर्धं तिकीट,” म्हणाली. अर्धं तिकीट तालमीत नव्हतं हां, ते तिथंच आलं. मी म्हैस वर काढली आणि सगळी जागा अडवली. शेळी म्हणाली, “अहो म्हशीबाई, सरका.” म्हैस म्हणाली, “मी झोपलीये.” शेळीने तिला ढुशी दिली, कान ओढला. मुलं खदाखदा हसत होती. आणि मग शेळी गप्प झाली. मी खालून बघितलं तर चिऊ चौथ्या कागदाकडे बघत होती. मामाचं घर. पण म्हैस तर हलत नाहीये, मग मामाचं घर कसं येणार? अडकली ती. मी सुचवायला तोंड उघडणार, तेवढ्यात—

“पुढं सरका!”

आप्पा. स्वच्छ. पूर्ण. ड्युटीवरच्या आवाजात.

पुढे कळलं की असं होतं. नवीन वाक्य जुळवता येत नाही, पण वर्षानुवर्षं रोज म्हटलेलं वाक्य कधी कधी अख्खं बाहेर पडतं. शिवी, देवाचं नाव, आकडे. किंवा ‘पुढं सरका’. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी नुसता चिऊकडे बघत होतो. नियम मोडला होता. आवाजही मोठा होता, तोच, ज्याला ती घाबरून परसात पळाली होती.

चिऊचं अंग ताठ झालं. स्टूल मागे सरकल्याचा आवाज आला. पण शेळी वरच होती. आणि ती हळूच कंडक्टरकडे वळली.

“कुठं सरकू?” शेळी म्हणाली. “जागाच नाही! ही म्हैस बघा ना!”

बाहेर सगळे फुटले. आई तर डोळ्याला पदर लावून हसत होती का काय करत होती, मला दिसत नव्हतं. कंडक्टर म्हशीकडे वळला. आता वाक्य येणार नव्हतं, आप्पांच्या कपाळावर शिर दिसत होती. त्यांनी तोंडाने म्हशीचा कान धरला, ट्यूबची पकड, सुटेचना, आणि वर ओढला. वर, वर. शेळी ओरडली, “टपावर! म्हैस टपावर!” आता पूर्वी एसटीच्या टपावर सामान जायचं, म्हैस नाही, पण असू दे. मी जमिनीवरून उठून म्हैस चौकटीच्या वर नेली. टिंग टिंग. मामाचं गाव आलं. साडेसहा मिनिटं.

आता तुम्हाला वाटेल, मग काय, नात आजोबांच्या गळ्यात. तसं नाही झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिऊ पुन्हा अंगणातूनच पाणी प्यायला गेली. दुपारी मात्र मी बघितलं, ती आप्पांच्या दारात उभी, उजव्या हातात शेळी. शेळीने आत डोकावून विचारलं, “एसटी कधी हाय?” आप्पांनी उशाचा मोजा घालायचा प्रयत्न केला, एका हाताने काही जाईना. शेळी बघत राहिली. मग चिऊने शेळी खाली ठेवली, मोजा दोन्ही हातांनी ताणून धरला, आणि आप्पांनी हात आत घातला. मोजा चढला तशी ती मागे सरकली, शेळी परत घातली, आणि मग बोलली. शेळीशिवाय ती अजून त्या खोलीत जात नाही. मी निघालो त्या दिवसापर्यंत तरी नाही.

मागच्या आठवड्यात ताईचा फोन होता. शेळी पण मुंबईला गेलीये. कुणीतरी ती वॉशिंग मशीनमध्ये टाकली आणि आतला पुठ्ठा लगदा झाला. धुवायची असेल तर फक्त मोज्याची बाहेरची बाजू ओल्या फडक्याने पुसायची, हे सांगायचं राहिलं होतं माझं. चिऊ आता विचारतेय की शेळीचं नवीन तोंड करायला मिठाईचा डबा कुठला चालेल, आणि आबांना फोनवर बेल मारायला सांग. रविवारी व्हिडिओ कॉल ठरलाय. घंटा अजून चौकटीलाच आहे.

चला, आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात.